मिठाच्या घनात चार की आठ?

शिरोड्याच्या मिठागरातल्या जाड्या मिठाचा एखादा धड खडा भिंगाखाली धरला, की त्याचे कोपरे काटकोनात दिसतात. आतली मांडणीही तशीच चौकोनी असते. तीच मांडणी पुन्हा पुन्हा रचून सगळा खडा तयार होतो. या मांडणीचा सगळ्यात लहान घन म्हणजे युनिट सेल. सोडियम क्लोराइडच्या युनिट सेलची कड ५६४ पिकोमीटर असते. बारावीच्या पेपरात एवढ्यावरून घनता काढायला सांगतात, आणि कितीतरी वह्यांत उत्तर २.१६ ऐवजी ४.३३ येतं. बरोबर दुप्पट! गुणाकार-भागाकार ठीकच असतात, फसते ती मोजणी.

आंब्याच्या पेट्या एकाला एक चिकटवून, थरावर थर असे रचल्या आहेत असं समजा. ढिगाच्या आत कुठल्याही पेटीचा एक कोपरा धरा. तिथे आठ पेट्या येऊन भिडतात, चार खालच्या थरातल्या आणि चार वरच्या. त्या बिंदूवर एक गोटी असेल तर एका पेटीच्या वाट्याला तिचा आठवा भाग येतो. कडेच्या मध्यावरची गोटी चार पेट्यांत वाटली जाते, बाजूच्या मध्यावरची दोघींत, आणि पेटीच्या पोटातली गोटी मात्र पूर्ण तिचीच.

आता मिठाकडे येऊ. क्लोराइडचे आयन आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर बसतात. आठ अष्टमांश मिळून एक आणि सहा अर्धे मिळून तीन, म्हणजे चार क्लोराइड. सोडियम बारा कडांच्या मध्यावर आणि घनाच्या केंद्रात असतो. बारा पाव मिळून तीन, अधिक एक, म्हणजे सोडियमही चारच.

एकूण आयन आठ झाले, आणि घोटाळा इथेच होतो. घनतेच्या सूत्रातला Z, म्हणजे एका युनिट सेलमधली मोजणी, हा M शी, म्हणजे मोलर वस्तुमानाशी, जुळणारा हवा. आपण M म्हणून ५८.४४ घेतो, ते एका सोडियम-क्लोराइड जोडीचं मोलर वस्तुमान आहे. म्हणून मोजायच्या त्या जोड्या, आणि त्या चार. लोखंडात हा प्रश्नच येत नाही. तिथे कोपऱ्यांवरचा मिळून एक आणि केंद्रातला एक असे दोन अणू, आणि M सुद्धा एकट्या लोखंडाचंच.

```
ρ = Z × M / (a³ × N_A)
a = 564 pm = 5.64 × 10⁻⁸ cm
a³ = 1.794 × 10⁻²² cm³
ρ = (4 × 58.44) / (1.794 × 10⁻²² × 6.022 × 10²³)
  = 233.76 / 108.0 = 2.16 g/cm³
```

दुसरी चूक घाताची. ५.६४ चा घन करतात आणि दहाचा घात तसाच ठेवतात. उणे आठचे उणे चोवीस व्हायला हवेत. ५.६४ चा घन १७९.४ येतो, म्हणून शेवटी घात उणे बावीस दिसतो. हे चुकलं तर उत्तर कल्पनेपलीकडचं लहान येतं आणि लगेच लक्षात येतं. दुपटीची चूक मात्र लपून राहते, कारण ४.३३ ही घनता एखाद्या खनिजाला शोभेल अशीच आहे.

प्रश्न उलटाही येतो: घनता २.१६, कड ५६४ पिकोमीटर, तर Z किती? तेव्हा २.१६ ला १०८.० ने गुणून ५८.४४ ने भागायचं. उत्तर ३.९९ येतं, म्हणजे चार. Z पूर्णांकच असतो. त्यामुळे ३.४ सारखं काही आलं तर ते जवळच्या आकड्यात ढकलू नका. एकक किंवा M तपासा.

घनता घरीही पडताळता येते, पण लिटरचं माप मिठाने भरून वजन करू नका. खड्यांमधली हवाही मापात जाते आणि उत्तर फार कमी येतं. पाण्यात टाकलं तर मीठ विरघळेल, म्हणून खोबरेल तेल घ्या (कोकणातल्या उन्हाळ्यात ते गोठायची भीती नाही). शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर तेल ओता, त्यात ५० ग्रॅम कोरडं मीठ घाला आणि काडीने ढवळून बुडबुडे सोडवा. पातळी ७३ च्या आसपास यायला हवी. बुडबुडे अडकले तर ती जास्त चढते आणि घनता कमी दिसते.

मीठ आधी तव्यावर भाजून घ्यावं, कारण मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. भाजताना जाडं मीठ तडतडतं. खडा वाढताना आत अडकलेल्या खाऱ्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. न फुटलेल्या खड्यांत हे पाणी तसंच राहतं, म्हणून त्यांची मोजलेली घनता २.१६ च्या किंचित खालीच भरते.