टूरेट संलक्षण

बालपणी सुरू होणारा मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित विकार. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे यांसारख्या अचानक व पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालींना टिक म्हणतात. अशा एकाहून अधिक हालचाली आणि घसा खाकरणे किंवा हुंकारणे यांसारखी निदान एक ध्वनीची टिक, वयाच्या १८ वर्षांपूर्वी सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ राहिली, तर हे निदान करतात. दोन्ही प्रकार एकाच काळात दिसलेच पाहिजेत असे नाही. नकळत तोंडून शिव्या निघणे हे लक्षण फार प्रसिद्ध असले, तरी ते थोड्याच रुग्णांत आढळते.

फ्रेंच वैद्य इतार यांनी १८२५ मध्ये अशा एका स्त्रीची हकीकत नोंदवली. झील द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचे वर्णन केले व त्यांचे गुरू शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले. ही वर्णने मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या हालचालींची होती. टिकपूर्वीच्या जाणिवेकडे संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने वळले ते जोझेफ ब्लिस या रुग्णाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिरीक्षणामुळे.

ही जाणीव म्हणजे शरीराच्या ठरावीक जागी उठणारी उबळ. खांदा उडण्याआधी तिथेच ताण, दाब किंवा खाज वाटते, ती वाढत जाते आणि टिक झाल्यावर क्षणभर उतरते. शिंक रोखून धरण्यासारखे हे आहे: काही काळ थोपवता येते, कायमचे नाही. त्यामुळे टिक ऐच्छिक की अनैच्छिक हा वाद जुना आहे. अनेक रुग्ण उबळीला शरण जाऊन आपणच हालचाल केली असे सांगतात. म्हणून तिला ‘अर्धऐच्छिक’ म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

उबळीमुळेच टिक होते का, हे अनिर्णित आहे. आराम मिळाल्याने टिक घट्ट होते, असा एक पक्ष आहे. मात्र टिक बहुधा ५ ते ७ वर्षांच्या वयात सुरू होतात आणि मुले उबळीविषयी स्पष्ट बोलू लागतात ती साधारण दहाव्या वर्षानंतर. लहान मुलांना ती शब्दांत सांगता येत नसावी, हाही खुलासा शक्य आहे. तरी उबळ हे टिकचे एकमेव मूळ मानणे धाडसाचे ठरेल.

नखे कुरतडण्यासारख्या सवयीत अशी एका जागी साठत जाणारी उबळ सहसा नसते आणि ती कृती बरीच मिनिटे सलग चालू राहते. हात फडफडवण्यासारखे लयबद्ध चाळे बहुधा तीन वर्षांच्या आत सुरू होतात, वर्षानुवर्षे त्याच रूपात राहतात आणि हाक मारताच थांबतात. टिक मात्र क्षणिक असते. ती आठवडे-महिन्यांनी जागा बदलते, कमीजास्त होते. डोळे मिचकावणाऱ्या मुलाला प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे नेले जाते. डोळ्यांत दोष सापडत नाही, मिचकावणे काही दिवसांनी थांबते आणि मग नाक आकसणे सुरू होते. हा क्रम निदानास उपयोगी पडतो.

उपचारातही उबळीचा आधार घेतात. ॲझ्रिन व नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खांदा उडवणाऱ्याला उबळ ओळखायला शिकवतात. ती येताच त्याने खांदा हलकेच खाली दाबून कोपर अंगाशी धरायचे आणि सुमारे मिनिटभर, किंवा उबळ ओसरेपर्यंत, तसेच राहायचे. उबळ न जाणवणाऱ्या लहान मुलांना टिकच्या आरंभीची हालचाल ओळखायला शिकवावे लागते.