कार्डावरची आई आणि आनंदकंद

गेल्या वर्षी मे महिन्यात भाची मदर्स डेचं कार्ड घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, चार ओळी दे, पण त्याग नको, चंदनासारखं झिजणं नको." मी लगेच पेन उचललं आणि लिहून मोकळा झालो: "आई, तुझ्या ऋणाचे ओझे कसे फिटावे." ओझं उतरतं, फिटतं ते ऋण, हे मागाहून लक्षात आलं. तोवर ओळ मात्र चालीत पक्की बसली होती.

ही चाल आली कुठून, याचं उत्तर आम्हा बडोदेकरांच्या घरातच आहे. मराठीत आईवरच्या ज्या दोन कविता जवळपास सगळ्यांना पाठ असतात, त्या दोन्हींचे कवी या गावाशी जोडलेले आहेत. 'प्रेमस्वरूप आई' लिहिणारे माधव ज्यूलियन १८९४ मध्ये इथेच जन्मले. 'आई म्हणोनि कोणी' लिहिणारे यशवंत १९४० मध्ये बडोदे संस्थानचे राजकवी झाले. दोन्ही कविता एकाच वृत्तात आहेत, आनंदकंदात. गागाल गालगागा, गागाल गालगागा. बोटांवर मोजून पाहा: 'प्रेमस्वरूप आई' आणि 'आई म्हणोनि कोणी' मात्रेला मात्रा जुळतात. त्यामुळे 'आई' या दोन गुरूंनी ओळ सुरू केली की कान आपोआप त्याच वळणावर जातो, आणि त्या वळणावर ऋण, माया, पोरकेपण असे ठरलेले शब्द उभेच असतात.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. या दोन्ही कवितांतली आई हयात नाही. एकात कवी तिला परत बोलावतो आहे, दुसरीत इतरांनी मारलेली हाकच त्याच्या जिव्हारी लागते. म्हणजे हे शोकगीत आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल मोठे शब्द येणारच. तेच शब्द आपण समोर भेंडी चिरत बसलेल्या बाईच्या हातात ठेवतो. तिला वाचताना अवघडायला होतं, ते उगाच नाही.

गंमत म्हणजे मदर्स डेचं मूळही असंच आहे. अमेरिकेत ॲना जार्विस यांनी १९०८ मध्ये ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला कार्यक्रम घडवून आणला, तो १९०५ मध्ये वारलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ. १९१४ मध्ये मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत झाला. पुढे बाजाराने तो दिवस ताब्यात घेतल्यावर याच जार्विसबाई छापील कार्डांवर तुटून पडल्या. आईला स्वतः पत्र लिहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडचा मातृदिन म्हणजे श्रावणातली पिठोरी अमावस्या. तिथे मात्र बोलणं होतं. आई नैवेद्य डोक्यावर धरून "अतिथी कोण?" विचारते आणि मागून पोर "मी" म्हणतं. जात्यावरच्या ओवीतही मुलगी बहुधा दूरच्या, पण जित्या आईशी बोलते. उपकार ओवीतही आहेतच, नाही असं नाही. पण ओवीला गणांचा काच नसतो. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, एवढं सांभाळलं की बाजारातलं बोलणंही तिच्यात मावतं.

म्हणून भाचीला म्हटलं, ओवी करू. तिची पहिली ओळ होती: "पहाटे उठून डबा भरते." तपशील खरा होता, पण त्याग मागच्या दाराने आत आलाच. ओळखायची खूण सोपी आहे. क्रियापदापुढे 'माझ्यासाठी' जोडून बघायचं. बेमालूम बसलं तर ती ओळ त्यागाचीच. मग मी विचारलं, आई स्वतःच्या हौसेने काय करते? भाची हसायला लागली आणि खंडेराव मार्केटची गोष्ट निघाली. अर्ध्या तासाने कार्डावर हे उतरलं:

भाव करते गुजरातीत,
सुट्टे मोजते मराठीत,
कोथिंबीर फुकट पिशवीत,
आई माझी.

इथे 'माझ्यासाठी' कुठेच बसत नाही. ही आई देत नाही, घेते, आणि वर खूशही असते. 'गुजरातीत' आणि 'मराठीत' ही जोडी तर बडोद्याच्या मराठी घराची आहे. पुण्यातल्या आईला हे कार्ड चालणार नाही, हेच मला त्यात आवडलं. चौथा चरण मी आधी 'माझी माउली' असा केला होता. भाचीने तो खोडला, आणि ते बरोबरच होतं. 'माउली' म्हटलं की कोथिंबीर लगेच नैवेद्याची होते.

रविवारी ताईने कार्ड वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "फुकट कसली? एवढी भाजी घेतल्यावर ती द्यायलाच लागते त्याला."