कामाच्या संगणकावरील अपडेटची वेळ

दुकान, पेढी किंवा कार्यालयाचा रोजचा व्यवहार ज्या संगणकावर आणि फोनवर चालतो, त्याचे अपडेट आपोआप होऊ द्यायचे की काही दिवस थांबवायचे, हे ठरवण्याची पद्धत. सांगलीत हा प्रश्न करसल्लागारांना आणि मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांना जास्त छळतो. त्याचे कारण कॅलेंडरात आहे.

विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे सांगलीतल्या संगणकाला ते बुधवारी सकाळी, ९ ते १५ तारखेच्या दरम्यान दिसते. इकडे जीएसटीआर-१ ची मासिक मुदत ११ तारखेची आणि ३बी ची २०. अपडेट नेमके या दोन मुदतींच्या आसपास येऊन पडते.

अपडेट आपोआप होण्याची सोय संगणक रात्रभर चालू राहील असे धरून केलेली आहे. `Active hours` मध्ये कामाचे तास नोंदवले की त्या वेळेत संगणक स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. पण पेढीचे शटर ओढताना मेन स्विचही बंद होतो. मग रात्री काहीच होत नाही, सकाळी बिले चालू असताना डाउनलोड सुरू होते, आणि संध्याकाळी घाईत कोणीतरी `Update and shut down` दाबते. टक्केवारी पुढे सरकत असताना बटण दाबून संगणक बंद करणे सर्वांत घातक. यूपीएस नसेल आणि वीज गेली, तरी तीच गत.

किती थांबावे, याची मापे दोन जुन्या घटनांतून मिळतात. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाईची आज्ञा देताच संगणक निळ्या पडद्यावर बंद पडू लागले. दुरुस्ती १५ मार्चपासून आली. आठवडाभर थांबलेल्यांना हा त्रास झालाच नाही. उलट फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस ज्या त्रुटीतून पसरला, तिचे अपडेट १४ मार्च २०१७ लाच आले होते आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या ५९ दिवसांत ज्यांनी ते घेतले नाही, ते उघड्यावर राहिले. म्हणून आठवडा ते दोन आठवडे थांबणे शहाणपणाचे, महिन्यापलीकडे नाही. विंडोज ११ मध्ये `Pause updates` ने कमाल ५ आठवडेच थांबता येते. मुदत संपली की अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही, आणि ही मर्यादा योग्यच आहे.

हळदीच्या पेढीचे एक कल्पित उदाहरण जून २०२५ च्या तारखांवर मांडून पाहू. दोन संगणक आहेत. एकावर बिले आणि डिजिटल सहीचा टोकन, दुसऱ्यावर पत्रव्यवहार. सोमवारी, ९ जूनला, बिलांच्या संगणकावर `Pause for 2 weeks` निवडले. हेतू असा की ३बी भरून शनिवारी, २१ तारखेला, निवांत अपडेट घ्यावे. दुसऱ्या संगणकावर बुधवारी, ११ तारखेला, ते लगेच होऊ दिले. मग त्यावर तीन गोष्टी पाहिल्या: त्याच प्रिंटरवर एक बिल छापले, टोकन लावून सही होते का पाहिले, हिशेबाची फाइल उघडली.

पण त्या महिन्याच्या अपडेटने बुजवलेल्या, वेबडॅव्ह या इंटरनेटवरून फाइली उघडण्याच्या सेवेतल्या एका त्रुटीचा वापर हल्लेखोर आधीपासूनच करत होते. फसवी लिंक उघडली की धोका. असे असेल तेव्हा ठरलेली तारीख सोडून द्यावी लागते. जीएसटीआर-१ भरून झाले होते आणि ३बी ला आठ दिवस होते. गुरुवारी, १२ तारखेला संध्याकाळी, हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन, तो उघडतो का हे दुसऱ्या संगणकावर तपासून, `Resume updates` दाबले आणि रीस्टार्ट पुरा होईपर्यंत माणूस बसून राहिला. शुक्रवारी छपाई बिघडली असती, तर `Update history` मधून ते अपडेट काढता आले असते. त्रुटी आधीच वापरात आहे का, हे मायक्रोसॉफ्टच्या सूचीत नोंदलेले असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या इशाऱ्यांवरही लक्ष ठेवावे.

ब्राउझरला हा नियम लावू नये. तो सतत बाहेरच्या जगाशी बोलतो, म्हणून त्याचे अपडेट आपोआपच राहू द्यावे. मात्र दिवसेंदिवस उघडा ठेवलेला ब्राउझर डाउनलोड झालेली दुरुस्ती वापरतच नाही. रोज एकदा बंद करून उघडला पाहिजे.

फोनचा विचार वेगळा, कारण मालकी पेढीच्या विवरणपत्राचा ओटीपी बहुधा त्यावरच येतो. बँकेची आणि यूपीआयची ॲप वायफायवर आपोआप होऊ द्यावीत. मासिक सुरक्षा अपडेट भरणा झालेल्या दिवशी रात्री, चार्जर लावून घ्यावे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली तर दोन-तीन आठवडे थांबून, बँकेचे ॲप त्या आवृत्तीवर चालते का हे कोणाच्या तरी फोनवर पाहूनच घ्यावी. विंडोजची मोठी आवृत्ती सहसा १० दिवसांच्या आत मागे घेता येते. फोनवर मात्र मागे जायचे म्हणजे बहुतेक वेळा सगळा फोन पुसणे.