उरलेले अन्न, फ्रिज आणि लिस्टेरिया: घरात गरोदर स्त्री किंवा कमी प्रतिकारशक्तीचे माणूस असेल तर वाचा

आमचे काम फ्रिज दुरुस्तीचे. मग अन्नातल्या जंतूंबद्दल आम्ही का लिहितो आहोत? कारण बहुतेक जंतूंना थोपवणारा फ्रिज एका जंतूच्या बाबतीत अपुरा पडतो, आणि तो किती अपुरा पडेल हे बऱ्याच अंशी फ्रिजच्या तापमानावर ठरते. या जंतूचे नाव लिस्टेरिया. आपल्या घरी कोणी गरोदर असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झाले असेल, डायलिसिस किंवा स्टेरॉइडचे दीर्घ उपचार चालू असतील, किंवा पासष्टीच्या पुढचे कुणी असेल, तर हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

थंडीत वाढणारा जंतू

अन्न बिघडवणारे बरेचसे जंतू ४ अंश सेल्सिअसला जवळजवळ थांबतात. लिस्टेरिया मात्र शून्याच्या आसपासही हळूहळू वाढत राहतो. अन्नातून तो माणसाला बाधतो हे पक्के सिद्ध झाले ते कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत, १९८१ साली. तिथल्या साथीचा माग कोबीच्या तयार सॅलडपर्यंत लागला. कोबीच्या शेताला मेंढ्यांचे खत घातले होते आणि त्या कळपातल्या मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या. पुढे तो कोबी बरेच दिवस थंड गोदामात राहिला. कोबी टिकावा म्हणून दिलेल्या गारव्यात जंतू वाढत गेला. बाधितांमध्ये बहुतेक गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे होती.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. लिस्टेरियाने अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, वर बुरशी दिसत नाही. त्यामुळे "वास घेऊन पाहिला, चांगला आहे" ही घराघरातली कसोटी इथे उपयोगाची नाही.

चार अंशांचा फरक

मागे एका ग्राहकाकडे आम्ही फ्रिज पाहायला गेलो. घरात सून सात महिन्यांची गरोदर. तक्रार अशी की दूध लवकर नासते. फ्रिजच्या दारावरचा आकडा ४ अंश दाखवत होता. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवला, तर सकाळी ८ अंश निघाले. दाराचा रबर खालच्या कडेला तडकला होता आणि गार हवेच्या झरोक्यासमोर भांडी अगदी खेटून ठेवली होती. दारावरचा आकडा हे बहुतेक वेळा आपण मागितलेले तापमान असते. कप्प्यात तेवढे असेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. दुधावर केलेल्या प्रयोगांत लिस्टेरियाची संख्या दुप्पट व्हायला ४ अंशांना साधारण दीड दिवस लागतो, तर ८ अंशांना साधारण १२ तास. समजा, एका डब्यात दहा जंतू गेले. पाच दिवसांनी ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ते शंभराच्या आसपास होतील. ८ अंशांच्या फ्रिजमध्ये दहा वेळा दुप्पट होऊन दहा हजारांच्या वर जातील. प्रत्येक पदार्थात वेग वेगळा असतो आणि आंबट किंवा खूप खारट पदार्थांत तो कमी असतो, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नका. पण एकाच दिवसाचा हिशेब केला तर ४ अंशांना ते दहाचे सोळाच होतात. म्हणून दोन्ही गोष्टी हव्यात: फ्रिज खरोखर ४ अंश किंवा त्याखाली, आणि अन्न थोडेच दिवस ठेवणे. निरोगी माणसाने शिजवलेले अन्न तीन-चार दिवस ठेवले तर चालते. गरोदर आणि कमी प्रतिकारशक्तीच्या माणसाने ते एका दिवसात संपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्रीझरमध्ये जंतू मरत नाही, फक्त थांबतो. पदार्थ बाहेर काढून वितळला की तो पुन्हा वाढू लागतो.

शिजवलेल्या अन्नात येतो कुठून?

नीट शिजवताना लिस्टेरिया मरतो. तो परत येतो नंतर: न धुतलेल्या भाजीच्या पाण्यातून, कच्चे मांस कापलेल्या पाटावरून किंवा सुरीवरून, कपाट पुसायच्या ओल्या फडक्यातून, आणि फ्रिजमधूनच. ओलसर, थंड जागी तो चिकट थर धरून राहतो. फ्रिजच्या मागच्या भिंतीखालचे पाणी वाहून जाण्याचे छिद्र, भाजीच्या ट्रेचा तळ, दाराच्या रबराच्या घड्या, हे त्याचे नेहमीचे ठिकाण. रस किंवा दूध सांडले की लगेच साबणाच्या कोमट पाण्याने पुसून जागा कोरडी करा. छिद्र तुंबले असेल तर आम्ही ते साफ करून देतो.

अन्न शिजल्यावर दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवे. मोठे खोल पातेले आतून गार व्हायला फार वेळ घेते, म्हणून पसरट, उथळ भांड्यांत विभागून ठेवा. झाकण लावा आणि झाकणावर तारीख लिहा. आठवणीवर विसंबू नका.

गरम करताना पदार्थ आतपर्यंत, किमान ७४ अंशांना पोचला पाहिजे. पातळ पदार्थ खदखदू द्या. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात आणि मधला भाग कोमट राहतो, म्हणून अर्ध्यात काढून ढवळा, पुन्हा तापवा आणि दोन मिनिटे झाकून ठेवा. जेवढे खायचे तेवढेच गरम करा.

खरी अडचण थेट थंड खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची आहे, कारण त्यांत जंतू मारणारी पायरीच नसते. कापून ठेवलेली फळे, विशेषतः खरबूज, तयार सॅलड, पाश्चराइझ न केलेले दूध आणि त्याचे मऊ चीज, मांसाच्या थंड चकत्या, थंड धुरावलेला मासा. शिळे असो वा दुकानातून आणलेले, आम्ही ज्या घरात गरोदर स्त्री आहे तिथे हे टाळायला सांगतो, किंवा कडक गरम करून खायला सांगतो. फळ हवे असेल तर धुऊन, ताजे कापून लगेच खावे.

खाऊन झाले असेल तर

घाबरू नका. असा पदार्थ खाल्लेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि लक्षण नसेल तर सहसा तपासणीचीही गरज नसते. मात्र लक्ष ठेवायचा काळ लांब आहे. लक्षणे बहुधा एक ते चार आठवड्यांत दिसतात, कधी दोन महिन्यांनीही. गरोदर स्त्रीला फक्त ताप, अंगदुखी आणि थकवा वाटू शकतो, साध्या फ्लूसारखा. पण गर्भाला संसर्ग झाला तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती किंवा नवजात बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. इतर दुर्बल रुग्णांत तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, गोंधळल्यासारखे होणे आणि तोल जाणे ही लक्षणे दिसतात.

ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मागच्या दोन महिन्यांत काय खाल्ले ते स्वतःहून सांगा. निदान रक्ताच्या कल्चर तपासणीने होते, आणि वेळेत योग्य प्रतिजैविक दिले तर बाळालाही वाचवता येते. घरच्या घरी तापाच्या गोळीवर दिवस काढू नका.

आपल्या फ्रिजचे तापमान तपासायचे असेल तर पेल्यातला थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळचा आकडा आम्हाला फोनवर सांगा. ५ किंवा त्याहून जास्त असेल तर दाराचा रबर आणि हवेचा झरोका आम्ही आधी पाहतो, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.