मुदतबाह्य व पुढच्या तारखेचा धनादेश

धनादेशावर लिहिलेली तारीख दोन मर्यादा ठरवते : त्या तारखेपूर्वी बँकेने पैसे द्यायचे नसतात आणि त्या तारखेपासून तीन महिने उलटल्यावरही द्यायचे नसतात. पहिली मर्यादा मोडणारा तो पुढच्या तारखेचा आणि दुसरी मोडणारा तो मुदतबाह्य धनादेश. दोन्ही परत येतात ते तारखेमुळे, त्यामुळे खात्यात कितीही पैसे असले तरी उपयोग होत नाही.

धनादेश म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला आदेश आणि तो लागू होतो लिहिलेल्या तारखेपासून. त्याआधी पैसे दिले, तर बँकेने ते खातेदाराच्या अधिकाराविना दिले असे होते. मधल्या काळात खातेदाराने पैसे देणे थांबवण्याची सूचना दिली, त्याचा मृत्यू झाला किंवा त्याचा दुसरा धनादेश आधी आला आणि शिल्लक अपुरी पडली, तर भुर्दंड बँकेच्या माथी बसू शकतो. असा परत आलेला धनादेश मात्र निकामी होत नाही. त्याची तारीख उगवल्यावर तो पुन्हा भरता येतो. त्याची मुदतही लिहिलेल्या तारखेपासूनच मोजली जाते, हाती पडल्याच्या दिवसापासून नाही. वाशीतील भाडेकरूने जागामालकाला जानेवारीतच बारा धनादेश दिले, तर डिसेंबरच्या तारखेचा धनादेश त्या डिसेंबरपासून तीन महिने चालतो.

तीन महिन्यांची मर्यादा भारतीय रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून लागू केली. त्यापूर्वी सहा महिन्यांचा प्रघात होता. त्या सवलतीमुळे धनादेश आणि ड्राफ्ट सहा सहा महिने बाजारात रोकडीसारखे फिरवले जातात, हे कारण तेव्हा देण्यात आले. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या, परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 मध्ये सहा महिन्यांचा उल्लेख आजही आहे. पण तेथे ‘सहा महिने किंवा धनादेशाची वैधता, यांपैकी जे आधी संपेल ते’ अशी अट असल्याने व्यवहारात तीनच महिने उरतात.

मोजणीतील घोळ बहुधा नव्वद दिवस धरल्याने होतो. महिना हा कॅलेंडरचा महिना असतो आणि लिहिलेला दिवस मोजणीतून वगळतात. म्हणून 1 जुलैच्या धनादेशाची मुदत 1 ऑक्टोबरला, म्हणजे ब्याण्णव दिवसांनी संपते. ज्या महिन्यात मुदत संपायची त्यात तेवढ्या क्रमांकाची तारीखच नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. सहा महिन्यांच्या मुदतीबद्दलच्या एका प्रकरणात 31 डिसेंबर 2005 चा धनादेश 30 जून 2006 रोजी सादर झाला होता. पहिला दिवस वगळून तो मुदतीत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मानले. तरीही काउंटरवर एखादा कर्मचारी आरंभीचा दिवस धरून एक दिवस आधीची तारीख सांगतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा आधी जाणे शहाणपणाचे.

त्याहून अधिक घात होतो तो भरण्याचा दिवस आणि सादर होण्याचा दिवस यांतील फरकामुळे. मुदतीच्या आत धनादेश पोहोचायला हवा तो ज्या बँकेवर काढला त्या बँकेकडे; आपल्या शाखेत टाकणे पुरेसे नाही. कलम 138 संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हेच सांगितले आहे. समजा, ठाण्यातील नौपाड्याच्या एका गाळ्याच्या भाड्याचा धनादेश 1 फेब्रुवारी 2024 चा आहे. त्याचा शेवटचा दिवस 1 मे, पण त्या दिवशी महाराष्ट्र दिनामुळे राज्यातील बँका बंद. सुट्टी आली म्हणून मुदत पुढे सरकते असे रिझर्व्ह बँकेच्या आदेशात म्हटलेले नाही. तेव्हा भरवशाचा शेवटचा दिवस उरतो मंगळवार, 30 एप्रिल. त्या दिवशी संध्याकाळी, पेटी रिकामी करून झाल्यावर, मालकाने धनादेश शाखेच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला, तर काढणाऱ्याच्या बँकेकडे पाठवायची त्याची प्रतिमा क्लिअरिंगला 2 मे रोजी जाणार आणि भरणा पावतीवर 30 एप्रिल लिहिलेले असले तरी तो मुदतबाह्य ठरू शकणार. ऑक्टोबर 2025 पासून प्रतिमा दिवसभर सलग पाठवण्याची पद्धत आली, त्यामुळे हे अंतर घटले आहे. पेटीत पडून राहण्याचा वेळ मात्र या पद्धतीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

परताव्याच्या मेमोवरचे कारण नीट वाचावे. केवळ तारखेच्या कारणाने आलेल्या परताव्यावर कलम 138 खाली फौजदारी तक्रार उभी राहत नाही, कारण मुदतीत सादर करणे ही त्या कलमाची पहिलीच अट आहे. मूळ देणे मात्र त्यामुळे बुडत नाही आणि ते मुदतीच्या कायद्यात राहून दिवाणी मार्गाने मागता येते. सोपा उपाय नवा धनादेश मागून घेण्याचा. प्रतिमा पाठवून होणाऱ्या या क्लिअरिंगमध्ये, म्हणजे सीटीएसमध्ये, धनादेशावरील इतर खाडाखोड चालत नाही, परंतु तारीख पुनर्वैध करण्यापुरता बदल चालतो. त्यावर धनादेश काढणाऱ्याची पूर्ण सही लागते. ड्राफ्टची मुदत टळली असेल, तर तो देणाऱ्या बँकेकडूनच पुनर्वैध करून घ्यावा लागतो.