सिमेंटने हात खाल्ले की हाताला सिमेंट चालेनासं झालं?

ओल्या सिमेंटचा चटका बसतो तेव्हा कळतच नाही, सगळा घोळ तिथून सुरू होतो. गरम तव्याला बोट लागलं की हात आपोआप मागे येतो, पण कालवलेल्या मालात गुडघे टेकून कोबा करणाऱ्या माणसाची पँट भिजली तरी त्याला फक्त गार लागतं. तास-दोन तास तसेच जातात, मग थोडं चुरचुरतं, आणि संध्याकाळी पँट काढली की गुडघ्यावरची कातडी लालभडक किंवा चक्क हिरवट-काळपट झालेली दिसते. तोपर्यंत आत बरंच जळून गेलेलं असतं. बुटात वरून माल गेला आणि मोजा भिजला तरी हेच होतं, हातमोज्यात गेला तरी हेच.

हे होतं कशामुळे, तर सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. कोरडी पावडर त्या मानाने सौम्य (घामाने ओली झाली नाही तोवर), पण ओल्या मालाचा पीएच 12 ते 13 च्या घरात जातो. आपल्या कातडीचा असतो साधारण 5. पीएचचा एक आकडा म्हणजे 10 पट, त्यामुळे 5 आणि 12 मध्ये किती अंतर आहे ते तुम्हीच मोजा. असा तीव्र अल्कली कातडीवरच्या तेलकट थराचा अक्षरशः साबण करतो. माल हाताळताना बोटं बुळबुळीत लागतात ना, त्यात थोडा वाटा ह्या साबणाचाही असतो. ॲसिडने जळालं की वर एक कडक पापुद्रा धरतो आणि तो पुढचं जळणं थोडं तरी अडवतो, अल्कली मात्र मांस मऊ करत करत खाली उतरत राहतो. कळीचा चुना अजून वाईट, कारण तो पाणी लागलं की उकळतो, म्हणजे रसायनाने भाजतं आणि उष्णतेनेही.

हा झाला एका दिवसातला अपघात. रोजच्या कामात जे होतं ते हळू होतं आणि ते दोन प्रकारचं असतं, दिसायला बरंचसं सारखं पण आतून एकदम वेगळं.

पहिला प्रकार म्हणजे गवंडी म्हणतात तसं 'सिमेंटने हात खाल्ले'. चुना तेल काढून घेतो, वाळू घासते, हात दिवसभर ओले-कोरडे होत राहतात, मग कातडी खरखरीत होते, बोटांच्या टोकांना आणि पेरांवर भेगा पडतात, त्यात माल गेला की झोंबतं. इथे खाजेपेक्षा आग जास्त. हे कुणालाही होऊ शकतं, फक्त किती माल आणि किती वेळ एवढाच प्रश्न. काही आठवडे हात कोरडे राहिले आणि तेल-मलम लागत राहिलं की बहुतेक वेळा भरून येतं.

दुसरा प्रकार म्हणजे ॲलर्जी, आणि तिचा चुन्याशी थेट संबंध नाही. ती होते क्रोमियममुळे. सिमेंटच्या कच्च्या मालात क्रोमियम अगदी थोडं असतं, भट्टीत साधारण 1450 अंशाला ते भाजलं जाताना त्यातलं काही 'षट्संयुजी' रूपात जातं, हे रूप पाण्यात विरघळतं आणि कातडीतून आत शिरतं. चुन्याने आधीच भेगा पाडून ठेवलेल्या असल्या तर त्याला दारच उघडं. आत गेल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला कधीतरी शत्रू म्हणून ओळखायला लागते, कधी काही महिन्यांनी तर कधी बऱ्याच वर्षांनी. आणि एकदा ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर विसरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एक लादी बसवणारा माणूस आहे, 12 वर्षं हाच धंदा, हात कायमचेच खडबडीत आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. यंदा मात्र काहीतरी बदललंय. हाताच्या पाठीवर आणि मनगटावर बारीक पाण्याचे फोड येतायत, रात्री झोप मोडेल इतकी खाज, आणि माल जिथे लागतच नाही तिथेही, कोपराच्या आत वगैरे, पुरळ. तो 15 दिवस घरी बसतो, हात निवतात, परत जाऊन एकच दिवस सांधे भरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जसंच्या तसं. हा उशीर महत्त्वाचा, कारण ही ॲलर्जी लगेच न उठता एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे माणूस भलत्याच गोष्टीवर संशय घेतो. मग कुणीतरी सांगतं की चांगले जाड चामड्याचे हातमोजे घाल, तो घालतो आणि अजून बिघडतं. का? तर चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनीच कमावलेलं असतं, ते घामाने थोडं थोडं सुटतं. अशा माणसाच्या पायावर चामडी बुटाच्या आकाराचं पुरळ दिसलं तर मला तरी दुसरा पुरावा फारसा लागत नाही.

तरी खात्री करायची ती पॅच टेस्टनेच. पोटॅशियम डायक्रोमेट व्हॅसलिनमध्ये 0.5 टक्के मिसळून पाठीवर छोट्या चकतीखाली 48 तास चिकटवून ठेवतात, मग काढून बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात, कारण खरी ॲलर्जी उशिरा वाढत जाते आणि नुसती आग उतरत जाते. त्याच पाठीवर रबराच्या रसायनांच्याही चकत्या लावतात, काहींना सिमेंट नाही तर रबरी हातमोजाच बाधत असतो. एक मात्र करू नका, घरी दंडावर ओलं सिमेंट बांधून 'टेस्ट'. ॲलर्जी असो नसो, त्याने भाजणारच.

क्रोमियमवर उपाय कारखान्यातच होतो आणि तो तसा सोपा आहे. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं की षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी होतं, ते फारसं विरघळत नाही. डेन्मार्कने 1983 मध्ये आणि युरोपियन युनियनने 2005 पासून 10 लाख भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली, म्हणजे 50 किलोच्या गोणीत फार तर 100 मिलिग्रॅम. मात्र फेरस सल्फेट दमट हवेत हळूहळू निकामी होतं, तेव्हा जुनी, ओल धरलेली गोणी ह्या बाबतीतही वाईटच. आणि अशा सिमेंटने चुना काही कमी होत नाही, भाजणं तेवढंच.

त्यामुळे हातमोजे लागतातच, नायट्राईल किंवा पीव्हीसीचे, मनगटाच्या बरेच वर जाणारे, आतून सुती अस्तर असलेले. नुसते सुती नकोत, ते माल शोषून हातावर पट्टीसारखे धरून ठेवतात. घालताना हात स्वच्छ आणि कोरडा पाहिजे, काढताना आधी मोजा बाहेरून धुवायचा. आत माल गेला तर तसंच काम रेटायचं नाही, मोजा बदलायचा, कारण असा मोजा उघड्या हातापेक्षाही वाईट. क्रीम चोपडून मोज्याची जागा भरून निघत नाही, क्रीम कामानंतर लावायचं.

आणि ती बादली. थापी, घमेलं, रंधा दिवसभर ज्या बादलीत धुतात, तिच्यातच जेवायच्या सुट्टीत सगळे हात बुडवतात. एका लिटर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळला की त्याचा पीएच 12.4 होतो, म्हणजे हात धुतोय असं वाटत असताना आपण तो चुन्याच्या निवळीत बुडवतोय. हातांसाठी वेगळं, स्वच्छ, शक्यतो वाहतं पाणी ठेवणं एवढं एक केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ओला माल अंगावर सांडलाच तर कपडे, मोजे, अंगठी, घड्याळ लगेच काढायचं आणि 20 मिनिटं तरी वाहतं पाणी सोडायचं. कोरडी पावडर किंवा कळीचा चुना असेल तर आधी झटकायचा, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तिथेच पाणी मारायला सुरुवात करायची, दवाखाना त्यानंतर पण त्याच दिवशी. कातडी पांढरी, काळपट किंवा बधिर झाली असेल तर 'दुखत नाही म्हणजे फार नसेल' असं धरून घरी जायचं नाही, कारण खोल भाजलेली जागाच दुखत नसते.