दवंडी ऐकू येत नसेल तर...

आमच्या आत्याच्या नव्या स्मार्टवॉचने घरात आठवडाभर करमणूक केली. घड्याळ चालू, चार्जिंग पूर्ण, फोनचं ब्लूटूथ चालू, पण फोनच्या यादीत घड्याळाचं नाव म्हणून उमटेना. फोन दोनदा बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. आणि मग एका संध्याकाळी पाचच्या सुमारास नाव आपोआप दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गायब, संध्याकाळी पाचला पुन्हा हजर. शेजारच्या काकूंनी राहुकाळ काढून पाहिला. तो काही जुळला नाही, पण पाचला दुसरं एक काहीतरी नेमाने घडत होतं. आत्याचा नातू क्लासला जात होता.

या कोड्याचं उत्तर देण्याआधी एक गैरसमज काढायला हवा. आपल्याला वाटतं, फोन घड्याळ ‘शोधतो’, म्हणजे टॉर्च मारून अंधारात काही चाचपावं तसं. प्रत्यक्षात फोन मुख्यतः कान देऊन बसलेला असतो. हाका मारायचं काम घड्याळाचं. ब्लूटूथच्या मानकात त्याला ॲडव्हर्टायझिंग म्हणतात, मी दवंडी म्हणेन. घड्याळ ठराविक वेळाने एक छोटं पाकीट हवेत सोडतं: मी इथे आहे, अमुक प्रकारचं उपकरण आहे, माझ्याशी जोडता येईल. यादीत नाव नाही याचा अर्थ बहुधा दोनांपैकी एक: दवंडी पिटली जात नाही, किंवा पिटली जातेय पण आपला फोन ऐकत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे घड्याळं वापरतात तो कमी वीज खाणारा ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० वाहिन्या वापरतं, पण दवंडीसाठी मुख्यतः तीनच राखलेल्या आहेत: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. त्या अशा निवडल्यात की घरोघरी वापरल्या जाणाऱ्या वायफायच्या १, ६ आणि ११ या वाहिन्यांच्या मध्ये आणि कडेला पडाव्यात. घड्याळ एका फेरीत तिन्हींवर ओरडतं आणि बॅटरी वाचवायला मधला वेळ झोपतं. फोनही सतत ऐकत नाही. तो थोडा वेळ कान उघडतो आणि मिटतो.

इथेच गंमत आहे. समजा, घड्याळ दर सेकंदाला बरोबर एकदा ओरडतं आणि फोन दर पाच सेकंदांनी अर्धा सेकंद ऐकतो. घड्याळाची हाक सेकंदाच्या ०.७ व्या भागाला पडत असेल आणि फोनचा कान ० ते ०.५ मध्येच उघडत असेल, तर ही दोघं शेजारी-शेजारी बसून जन्मभर एकमेकांना भेटणार नाहीत. एक एकीकडून आला की दुसरा दुसरीकडे गेलेला. म्हणून मानकात एक साधी युक्ती घातली आहे: प्रत्येक हाकेआधी घड्याळाने ० ते १० मिलिसेकंदांची मनमानी उशिराची भर घालायची. सरासरी ५ मिलिसेकंद. ही भर साठत जाते, म्हणून हाक हळूहळू सरकते. ०.७ पासून पुढच्या सेकंदाच्या सुरुवातीपर्यंत जायला ०.३ सेकंद, म्हणजे ३०० मिलिसेकंद सरकायला हवं. दर हाकेला ५, म्हणजे ६० हाका, साधारण एक मिनिट. मिनिटभराच्या आसपास भेट होतेच. त्याच युक्तीने दोन घड्याळांच्या हाका वारंवार एकमेकींवर आदळणंही टळतं. यातून घरगुती उपयोगाची गोष्ट निघते: ॲप समोर उघडं ठेवा, स्क्रीन चालू ठेवा, मिनिटभर थांबा. ॲप समोर असताना फोन बराच जास्त वेळ ऐकतो. स्क्रीन बंद केली की अँड्रॉइड असं सरसकट ऐकणं थांबवतो.

पण आत्याच्या घरात मिनिटभर काय, तासभर थांबूनही काही नव्हतं. म्हणजे दवंडीच होत नव्हती. का? घड्याळ घरी आलं त्या पहिल्याच रात्री नातवाने हौसेने घड्याळ आधी स्वतःच्या फोनला जोडून पाहिलं होतं. एकदा जोडणी झाली की बहुतेक घड्याळं दवंडी बंद करतात, कारण त्यांना एका वेळी एकच मालक सांभाळायचा असतो. नातू शेजारच्या खोलीत, त्याच्या फोनचं ब्लूटूथ चालू, घड्याळ त्याच्याशी गुपचूप जोडलेलं. मुलगा क्लासला गेला की जोडणी तुटायची, काही सेकंदांत घड्याळ पुन्हा ओरडू लागायचं. मुलगा परतला की त्याचं ॲप न विचारता पुन्हा जोडणी करून मोकळं.

हे ओळखायची एक चांगली पद्धत आहे. nRF Connect नावाचं मोफत ॲप दुसऱ्या एखाद्या फोनवर टाका. ते हवेतल्या सगळ्या दवंड्या दाखवतं, त्यांच्या जोरासकट. जोर उणे आकड्यात असतो. घड्याळ फोनला चिकटवलं की उणे ४० च्या आसपास, पलीकडच्या खोलीत नेलं की उणे ८० कडे. नाव न दाखवणारी उपकरणंही तिथे दिसतात. घड्याळ जवळ-लांब करा, ज्या ओळीचा आकडा त्यासोबत नाचेल ती तुमची. ती ओळ दिसतेय पण घड्याळाच्या ॲपला दिसत नाही, तर दोष बहुधा फोनच्या परवानग्यांचा. दिसतच नाही, तर घड्याळ गप्प आहे: कुणाशी जोडलेलं, किंवा कारखान्यातून निघताना गाढ झोपवलेलं. असं झोपलेलं घड्याळ काही वेळा चार्जरवर ठेवल्याशिवाय जागंच होत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथच्या हाका ऐकायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं, कारण आसपासच्या हाकांवरून तुम्ही कुठे आहात ते कळू शकतं. ते बंद असेल तर ॲप बहुधा तक्रार न करता रिकामी यादी दाखवतं, हा शुद्ध वैताग आहे. अँड्रॉइड १२ पासून Nearby devices ही वेगळी परवानगी आली, तरी अनेक ॲप्स अजूनही लोकेशन मागतात.

आणखी एक घोळ सेटिंग्जमधल्या यादीचा. दवंडीच्या मूळ पाकिटात मजकुराला जेमतेम ३१ बाइट जागा. त्यात नाव मावलं नाही तर ते मागाहून, फोनने विचारल्यावर पाठवलं जातं, आणि अँड्रॉइडची सेटिंग्ज नाव नसलेली उपकरणं सहसा लपवतात. म्हणून घड्याळ सेटिंग्जमध्ये नव्हे, त्याच्या ॲपमध्ये शोधायचं.

एक गोष्ट मात्र सांगतोच. आत्याच्या फोनच्या पाठीवर ‘रेडिएशन अडवणारा’ स्टिकर होता. शेणाच्या चिपपासून सोनेरी चकतीपर्यंत असं बरंच काही विकलं जातं. घड्याळाची हाक साधारण एक मिलिवॉटच्या आसपासची. हा स्टिकर खरोखर काही अडवत असता तर सगळ्यात आधी फोनची रेंज आणि वायफाय गेलं असतं. दोन्ही ठणठणीत होते, म्हणून संशयितांच्या यादीतून स्टिकर पहिल्यांदा बाद झाला.

शेवटी नातवाच्या फोनवर, नुसतं ॲप न काढता, ॲपच्या आत जाऊन घड्याळाची जोडणी मोडली. नुसतं ॲप काढलं तर काही घड्याळं आधीच्या मालकाची नोंद जपून ठेवतात आणि नव्याला दाद देत नाहीत. मग आत्याच्या फोनवर लोकेशन चालू केलं, ॲप उघडं ठेवलं, आणि काही सेकंदांत नाव आलं. थोड्या वेळाने सेटिंग्जमध्ये त्याच घड्याळाचं दुसरं नाव, शेवटी ‘कॉल’ लावलेलं, जोडणी मागू लागलं. ते कॉल ऐकण्यासाठीचं जुन्या धाटणीचं ब्लूटूथ, त्यालाही होकार द्यायचा, पण मुख्य जोडणीनंतर. जोडणी मोडताना घड्याळाने आपली स्मृतीही पुसली होती, त्यामुळे नातवाने पहिल्या रात्री गच्चीवर फिरून जमवलेली पावलं मात्र गेली.